बेसनाच्या पेट्या, दिवाळीची तारीख आणि तीन महिन्यांची सरासरी

कराडला आमच्या चुलत्यांची एजन्सी आहे. आम्ही सगळे त्यांना आबा म्हणतो. बेसन, रवा, मैदा, फरसाण असा पाकीटबंद माल कंपनीकडून घ्यायचा आणि उंब्रज, मसूर, ओगलेवाडी, पाटण, ढेबेवाडी या बाजूच्या किराणा दुकानांना पोचवायचा, हा धंदा. हिशेबाचं आणि कॉम्प्युटरचं काम माझ्याकडे आहे. या धंद्यातला रोजचा प्रश्न विक्रीचा असतो, पण महिन्यातून एकदा त्याहून मोठा प्रश्न समोर येतो. दर महिन्याच्या २० तारखेला कंपनीला पुढच्या महिन्याची ऑर्डर द्यावी लागते, आणि त्यात प्रत्येक मालाच्या किती पेट्या ते लिहावं लागतं. तो आकडा एक्सेलमध्ये कसा काढायला लागलो, ते इथे लिहितो. सगळ्या मालाचं सांगत बसलो तर पसारा होईल, म्हणून एकच माल घेतो: एक किलोचं बेसन, एका पेटीत २० पाकिटं.

बेसन निवडण्याचं कारण आहे. आकडा कमी निघाला तर ऐन दिवाळीच्या तोंडावर दुकानदार दुसऱ्या कंपनीचा माल भरतो आणि ती जागा पुन्हा मिळवायला महिने जातात. आकडा जास्त निघाला तर माल गोडाऊनमध्ये बसतो. पाकिटावर मुदत सहा महिन्यांची असली, तरी दोन महिने जुनी तारीख दिसली की दुकानदार पाकीट परत करतो, कारण गिऱ्हाईकही तारीख बघूनच घेतं. शिवाय पेटीमागे साधारण १,८०० रुपये अडकतात. शंभर पेट्या जास्त आल्या म्हणजे एक लाख ऐंशी हजार रुपये गोडाऊनमध्ये पडून राहिले, आणि त्याच वेळी फरसाणाच्या गाडीचे पैसे भरायचे असतात.

आबांची पद्धत साधी होती. गेल्या वर्षीचा त्याच महिन्याचा आकडा काढायचा आणि त्यावर दहा टक्के चढवायचे. बरेच महिने ती चालायची, आणि म्हणूनच तिच्यावर विश्वास बसला होता. ऑक्टोबर आणि नोव्हेंबरला मात्र ती हटकून फसायची. का फसायची, ते कळायला आकडे नीट मांडावे लागले.

पहिलं काम म्हणजे कोणते आकडे घ्यायचे ते ठरवणं. कंपनीचा माणूस नेहमी प्रायमरीबद्दल बोलतो, म्हणजे कंपनीने आम्हाला किती माल पाठवला. त्या आकड्यावरून अंदाज काढला तर आपण आपल्याच जुन्या ऑर्डरींचा अंदाज काढतो. त्यात मार्चअखेर टार्गेट भरण्यासाठी उचललेला मालही येतो. आपल्याला हवी सेकंडरी, म्हणजे आमच्याकडून दुकानांना गेलेला माल. आणि तोही रुपयांत नको, पेट्यांत हवा. हरभऱ्याचा भाव वर-खाली झाला की बेसनाची किंमत बदलते, आणि रुपयांचा आकडा वाढलेला दिसतो तेव्हा पेट्या कधी कधी कमीच झालेल्या असतात. टॅलीतून मी त्या मालाची रोजची विक्री तारीखवार एक्सेलमध्ये काढली. स्कीममध्ये फुकट दिलेल्या पेट्या विक्रीत धरल्या, कारण गोडाऊनमधून त्याही जातातच.

इथे एक बारीक गोष्ट आहे, जी बिलांत दिसत नाही. आमचे सेल्समन दुकानात फिरून मोबाईलवर बुकिंग घेतात आणि दुसऱ्या दिवशी बिल बनतं. माल संपलेला असेल तर बुकिंग असतं, बिल नसतं. २०२३ च्या दिवाळीआधी गाडी उशिरा आली आणि तीन दिवस बेसन नव्हतं. त्या दिवसांची विक्री शून्य आहे, पण मागणी शून्य नव्हती. म्हणून बुकिंग आणि बिलिंग यातला फरक शोधला. सोळा पेट्या निघाल्या, आणि त्या मी विक्रीत मिळवल्या. प्रत्यक्षात मागणी याहून जास्तच असणार, कारण माल नाही हे कळल्यावर पाटणच्या बीटवर, म्हणजे सेल्समनच्या त्या बाजूच्या ठरलेल्या फेरीवर, काही दुकानांनी बुकिंगच दिलं नव्हतं. पण जे लिहून ठेवलेलं नाही ते अंदाजाने मिळवायचं नाही, असं मी ठरवलं.

मग एक्सेलची मांडणी. अ रकान्यात महिना, ब रकान्यात पेट्या, इतकं सोपं. पण महिना लिहिताना `Apr-22` असं टाईप केलं तर एक्सेल त्याचा अर्थ चालू वर्षातली २२ एप्रिल असा घेतो. दिसायला ठीक दिसतं आणि पुढे तारखेवर चालणारी सगळी सूत्रं चुकतात. म्हणून पहिल्या घरात 01-04-2022 अशी पूर्ण तारीख टाकायची, खाली `=EDATE(A2,1)` ओढायचं, आणि दाखवण्याची पद्धत `mmm-yy` ठेवायची.

आता चलत सरासरी. तीन महिन्यांची सरासरी म्हणजे मागच्या तीन महिन्यांच्या पेट्यांची बेरीज भागिले तीन, आणि तोच पुढच्या महिन्याचा अंदाज. महिना पुढे सरकला की सर्वांत जुना आकडा गळतो आणि नवा आत येतो. सूत्र असं:

```
C5:  =AVERAGE(B2:B4)
D5:  =ABS(B5-C5)
```

सरासरी कोणत्या ओळीत लिहायची याला फार महत्त्व आहे. `B2:B4` ची सरासरी पाचव्या ओळीत गेली पाहिजे, कारण ती पाचव्या ओळीतल्या महिन्याचा अंदाज आहे. एक्सेलच्या `Data Analysis` मधलं `Moving Average` वापरलं तर ते हीच सरासरी चौथ्या ओळीत ठेवतं, म्हणजे ज्या महिन्याचा खरा आकडा त्या सरासरीत आधीच मिसळलेला आहे त्याच्याच शेजारी. आलेखावर दोन्ही रेघा छान जवळजवळ चालताना दिसतात आणि अंदाज फार अचूक आहे असं वाटतं. आलेखावर उजवं बटण दाबून जी सरासरीची रेघ काढता येते तिचंही असंच. त्या रेघेत त्या महिन्याचं उत्तर आधीच शिरलेलं असतं, आणि ऑर्डर देताना ते आपल्याकडे नसतं. त्यामुळे मी ते तयार साधन बाजूला ठेवलं आणि सूत्र हाताने लिहिलं.

डी रकान्यात चूक येते: अंदाज आणि खरी विक्री यातलं अंतर, चिन्ह सोडून. त्या रकान्याची सरासरी काढली की दर महिन्याला साधारण किती पेट्यांनी चुकतो ते कळतं. टक्क्यांत सांगण्यापेक्षा पेट्यांत सांगितलेलं आबांना लगेच उमगतं, आणि गोडाऊनमध्ये जागाही पेट्यांनाच लागते.

आता २०२४ ची दिवाळी बघा. जुलैला २२८ पेट्या गेल्या, ऑगस्टला २६२, सप्टेंबरला २६८. तिन्हींची सरासरी २५३. ऑक्टोबरला प्रत्यक्ष विक्री झाली ५६४. म्हणजे सरासरीने निम्म्याहून कमी सांगितलं. यात आश्चर्य नाही. सरासरीला दिवाळी माहीत नसते. खरी पंचाईत त्यानंतर सुरू होते. नोव्हेंबरच्या अंदाजात ऑगस्ट, सप्टेंबर आणि तो ५६४ चा ऑक्टोबर येतो, आणि उत्तर येतं ३६५. नोव्हेंबरला गेल्या १७३ पेट्या, कारण दिवाळी झाल्यावर दुकानदाराकडे उरलेलं बेसन असतं आणि घराघरांत फराळ संपायचा असतो. डिसेंबरचा अंदाज ३३५, विक्री २२२. जानेवारीचा ३२०, विक्री २४०. एका मोठ्या महिन्याने पुढचे तीन महिने बिघडवले, आणि फेब्रुवारीत तो आकडा सरासरीतून गळाला तेव्हा कुठे अंदाज २१२ वर आला, २३६ च्या विक्रीजवळ.

हे झालं पुस्तकातल्या पद्धतीने. आमच्याकडे ऑर्डर २० तारखेला जाते. २० सप्टेंबरला ऑक्टोबरची ऑर्डर देताना सप्टेंबर अर्धवटच असतो. म्हणजे सरासरीत जून, जुलै, ऑगस्ट एवढेच पूर्ण महिने घेता येतात. सूत्र एक ओळ खाली सरकवावं लागतं:

```
C6:  =AVERAGE(B2:B4)
```

त्यामुळे दिवाळीचा फुगवटाही एक महिना पुढे सरकतो आणि डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारीच्या ऑर्डरींत शिरतो. अशी ऑर्डर देत गेलं तर फेब्रुवारीतही जास्तीचं बेसन येत राहील, तेही गोडाऊनमध्ये डिसेंबरचं शिल्लक असताना. हे दिसल्यावर एक गोष्ट स्पष्ट झाली: सणाचे महिने आणि साधे महिने एकाच सरासरीत घालायचे नाहीत.

बारा महिन्यांची सरासरी घेऊन बघितली. तिच्यात प्रत्येक वेळी एक दिवाळी असते, त्यामुळे ती डोलत नाही. धंदा वाढतोय की नाही हे बघायला ती चांगली आहे आणि मी ती आजही ठेवतो. पण पुढच्या महिन्याची ऑर्डर तिच्यावरून देता येत नाही, कारण तिच्या लेखी जून आणि ऑक्टोबर सारखेच.

म्हणून साधे महिने वेगळे काढले. गणपती आणि दिवाळीमुळे ऑगस्ट ते नोव्हेंबर हे चार महिने बाजूला, उरलेले डिसेंबर ते जुलै हे साधे. सुरुवातीला त्याच पानावर सणाच्या महिन्यांची घरं रिकामी ठेवून बघितली. `AVERAGE` रिकामं घर मोजत नाही, शून्य मात्र मोजतं, हे लक्षात ठेवावं. पण डिसेंबरच्या सूत्रात तिन्ही घरं रिकामी येतात आणि एक्सेल `#DIV/0!` दाखवतो. त्यापेक्षा दुसऱ्या पानावर फक्त साधे महिने एकाखाली एक लिहिले, म्हणजे जुलैनंतर थेट डिसेंबर. त्या यादीवर तीन महिन्यांची सरासरी चालवली, आणि डिसेंबर २०२४ ते जुलै २०२५ या काळात चूक महिन्याला सरासरी ९ पेट्या निघाली. २० तारखेच्या ऑर्डरीसाठी एक महिना मागे सरकवलेल्या सरासरीची चूक १० पेट्या. दोन-अडीचशेच्या विक्रीत एवढी चूक आम्हाला सहज पेलते. सहा महिन्यांची सरासरीही करून पाहिली. चूक जवळपास तेवढीच, काकणभर जास्त, कारण विक्री हळूहळू वाढते आहे आणि लांबची सरासरी वाढीच्या मागे राहते. म्हणून तीनच ठेवली.

आता राहिली दिवाळी, आणि मला यातला हाच भाग सगळ्यांत मोलाचा वाटतो.

ऑक्टोबरचे आकडे ओळीने वाचले तर काही मेळ लागत नाही: २०२२ ला ४६२, २०२३ ला ३९१, २०२४ ला ५६४. आधी पडझड, मग एकदम उसळी. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर कंपनीच्या अधिकाऱ्याने आबांना फोन करून डीग्रोथबद्दल, म्हणजे विक्री का घटली ते, विचारलंही होतं. नोव्हेंबरचे आकडे शेजारी ठेवले: १८०, २९६, १७३. दोन्हींची बेरीज केली: ६४२, ६८७, ७३७. बेरीज दर वर्षी शांतपणे वाढते आहे. पडझड कुठेच नाही. दिवाळी जागेवरून हलली होती, एवढंच.

आपण हिशेब करतो इंग्रजी महिन्यांत आणि फराळ करतो तिथीप्रमाणे. लक्ष्मीपूजन २०२२ ला २४ ऑक्टोबरला होतं, २०२३ ला १२ नोव्हेंबरला, २०२४ ला १ नोव्हेंबरला आणि २०२५ ला २१ ऑक्टोबरला. चांद्र वर्ष सुमारे अकरा दिवसांनी लहान असतं, त्यामुळे सण दर वर्षी तेवढे अलीकडे सरकतात, आणि अधिक महिना आला की एकदम पुढे ढकलले जातात. २०२३ ला अधिक श्रावण आला, म्हणून त्या वर्षी गणपतीही १९ सप्टेंबरला बसले आणि दिवाळी नोव्हेंबरात गेली. सीझनल इंडेक्स म्हणून जी रीत शिकवतात, प्रत्येक इंग्रजी महिन्याचं सरासरीशी गुणोत्तर काढायचं, ती आइस्क्रीमला किंवा छत्र्यांना ठीक आहे. बेसनाला ऑक्टोबरचं एकच गुणोत्तर लावलं तर ते २०२३ ला जास्त सांगणार आणि २०२४ ला कमी.

तेव्हा महिन्याऐवजी दिवाळीपासूनचे दिवस मोजायचे ठरवलं. दुकानदार माल कधी भरतो हे सेल्समनना विचारलं. पाटणच्या बीटवाल्याने सांगितलं की वरच्या वाड्यावस्त्यांची दुकानं आधी भरतात, कारण त्यांच्याकडे गाडी आठवड्यातून एकदाच जाते. कराड शहरातले शेवटच्या आठवड्यापर्यंत थोडं थोडं घेत राहतात. सगळ्यांचं मिळून लक्ष्मीपूजनाच्या आधीचे चार आठवडे धरले तर सणाची भरती त्यात बसते. रोजच्या विक्रीच्या पानावर `A` मध्ये तारीख, `C` मध्ये पेट्या, आणि `F2` मध्ये त्या वर्षीच्या लक्ष्मीपूजनाची तारीख ठेवून हे सूत्र:

```
=SUMIFS(C:C,A:A,">="&F2-28,A:A,"<"&F2)
```

या अठ्ठावीस दिवसांत २०२२ ला ४९० पेट्या गेल्या, २०२३ ला ४९८ आणि २०२४ ला ५४०. आता तुलनेला पाया हवा. तो मी त्या त्या वर्षीच्या मे, जून, जुलैच्या सरासरीचा घेतला, कारण २० ऑगस्ट आणि २० सप्टेंबर या दोन्ही ऑर्डरींच्या वेळी हे तीन महिने पूर्ण हातात असतात आणि त्यांत सणाची भेसळ नसते. पाया अनुक्रमे २०७, २१८, २२७. भागाकार केला: २.३७, २.२८, २.३८. मधला आकडा खाली आलेला दिसतो, आणि तोच तो माल संपलेला साल. बुकिंगच्या सोळा पेट्या मिळवल्यावर ४९८ चे ५१४ होतात आणि गुणोत्तर २.३६. तिन्ही वर्षं एका ओळीत आली. ऑक्टोबरच्या महिन्यावार आकड्यांत जो गोंधळ दिसत होता, त्याचा इथे मागमूस नाही. हे तीन आकडे पडद्यावर बघताना मला मनापासून आनंद झाला.

या चार आठवड्यांतही विक्री सारखी पसरलेली नसते. तीन वर्षांची सरासरी काढली तर पहिल्या आठवड्यात १५ टक्के माल जातो, दुसऱ्यात २७, तिसऱ्यात ३६ आणि शेवटच्यात २२. दिवाळीनंतर साधारण दोन आठवडे विक्री नेहमीच्या निम्मी होते, मग पूर्ववत.

एवढं हातात घेऊन २०२५ चा अंदाज मांडला. मे २३८, जून २२६, जुलै २४४, सरासरी २३६. गुणिले २.३७ म्हणजे दिवाळीच्या भरतीच्या ५५९ पेट्या. लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला, म्हणून भरती २३ सप्टेंबर ते २० ऑक्टोबर. पहिला आठवडा पूर्ण सप्टेंबरात पडतो, ८४ पेट्या. दुसऱ्या आठवड्याच्या १५१ पैकी एक दिवस, ३० तारीख, सप्टेंबरात: २२ पेट्या. १ ते २२ सप्टेंबर साध्या गतीने, दिवसाला साधारण आठ, म्हणजे १७३. गणपती २७ ऑगस्टला बसल्यामुळे त्यांचा माल बहुतेक ऑगस्टमध्येच गेलेला. सप्टेंबरचा अंदाज झाला २७९. ऑक्टोबरात दुसऱ्या आठवड्याच्या उरलेल्या १२९, तिसऱ्याच्या २०१, चौथ्याच्या १२३, आणि दिवाळीनंतरच्या अकरा दिवसांच्या निम्म्या गतीने ४३. एकूण ४९६.

आबांच्या रीतीने हाच आकडा ५६४ वर दहा टक्के, म्हणजे ६२० आला असता. कंपनीचं टार्गेटही गेल्या ऑक्टोबरवरूनच ठरलं होतं, सहाशेच्या वर. मी आबांना दोन्ही कागद शेजारी ठेवून दाखवले. ते बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "म्हणजे माल कमी नाही उचलायचा, लवकर उचलायचा." मुद्दा नेमका तोच होता. त्यांनी सप्टेंबरची ऑर्डर वाढवली आणि ऑक्टोबरची कमी केली. कंपनीच्या अधिकाऱ्यालाही हाच कागद दाखवला: दोन महिन्यांची बेरीज आम्ही भरतो, फक्त ती सप्टेंबर आणि ऑक्टोबरात मोजा. त्याने मान्य केलं असं म्हणता येणार नाही, पण ऑर्डर आहे तशी घेतली.

प्रत्यक्षात सप्टेंबरला ३०१ पेट्या गेल्या आणि ऑक्टोबरला ४७८. बेरीज ७७९, अंदाज होता ७७५. महिन्यांची वाटणी मात्र थोडी हुकली, वीसेक पेट्या सप्टेंबरात जास्त गेल्या. कारण शोधलं तेव्हा कंपनीची तिमाहीची स्कीम ३० सप्टेंबरला संपत होती असं दिसलं. ओगलेवाडी आणि मसूरच्या मोठ्या दुकानदारांनी स्कीमसाठी दोन-दोन पेट्या आधीच उचलल्या होत्या. स्कीमने मागणी वाढत नाही, अलीकडे ओढली जाते. तेव्हापासून रोजच्या पानावर एक जादा रकाना ठेवला आहे, स्कीम कधी सुरू आणि कधी बंद.

अंदाज म्हणजे ऑर्डर नव्हे, हेही सांगायला हवं. अंदाजात राखीव पेट्या मिळवायच्या आणि हातातला व वाटेतला माल वजा करायचा. राखीव किती, याचं उत्तर चुकीच्या रकान्यातच आहे. साध्या महिन्यांत चूक सरासरी १० आणि सर्वांत वाईट महिन्यात १७ होती, म्हणून राखीव २० धरतो. दिवाळीत वाटणी वीसेकने हलू शकते हे दिसल्यामुळे तिथे ४०. सहा महिन्यांच्या मुदतीच्या मालाला एवढं चालतं. फरसाणाला चालणार नाही, त्याची तारीख लवकर येते.

फरसाणावरून सरासरीची एक मर्यादा आठवते. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले आणि पाकीटबंद फरसाणावरचा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला. दर कमी होणार हे कळल्यापासून दुकानदारांनी आधीचे दिवस माल घेणं जवळजवळ थांबवलं आणि नंतर एकदम भरलं. त्या सप्टेंबरचा आकडा पुढच्या वर्षीच्या कोणत्याही सरासरीत जसाच्या तसा घालायचा नाही, म्हणून मी त्या घराला पिवळा रंग दिला आहे आणि शेजारी कारण लिहून ठेवलं आहे. कारण लिहिलं नाही तर वर्षभराने तो नुसता एक लहान आकडा दिसेल. नवीन आलेल्या मालाला ही सगळी पद्धत लागूच पडत नाही, कारण त्याला मागची वर्षंच नाहीत; तिथे सेल्समनचा अंदाज आणि लहान ऑर्डर एवढंच हातात असतं. आणि २.३७ हा आकडा फक्त तीन दिवाळ्यांवर उभा आहे. २०२५ ची भरती ५६६ निघाली, म्हणजे २.४०. आता चार झाल्या.

सध्या २०२६ चा कागद मांडून ठेवला आहे. लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला, म्हणजे भरती ११ ऑक्टोबर ते ७ नोव्हेंबर. २०२३ सारखंच वर्ष. शेवटचा आठवडा पूर्ण नोव्हेंबरात जाणार, त्यामुळे गेल्या वर्षीच्या ऑक्टोबरवरून काढलेलं टार्गेट या वेळी भरणार नाही आणि नोव्हेंबरला कमी धरलेला माल पुरणार नाही. पण यात आणखी एक गाठ आहे. या वर्षी अधिक ज्येष्ठ आहे, १७ मे ते १५ जून. आमच्याकडे अधिकात लग्नं होत नाहीत, आणि मे-जूनमध्ये आचाऱ्यांकडून बेसनाला जी मागणी येते ती त्या महिनाभर येणार नाही. म्हणजे मे, जून, जुलैचा जो पाया मी दर वर्षी घेतो तोच या वर्षी खाली बसलेला असेल, आणि त्याला २.३७ ने गुणलं तर दिवाळीचा आकडाही खोटा कमी येईल. म्हणून या वर्षासाठी दुसरा पाया शेजारी काढतो आहे, फेब्रुवारी, मार्च आणि एप्रिलचा, आणि मागच्या चार दिवाळ्यांची गुणोत्तरं त्या पायावर पुन्हा मांडतो आहे. २० सप्टेंबरच्या ऑर्डरीआधी दोन्ही उत्तरं आबांसमोर ठेवायची आहेत.